प्रीमियम भरला तर काय, मिळाला तर काय

हाती शेअर असताना ऑप्शनचे दोन व्यवहार सर्रास केले जातात. प्रीमियम भरून पुट विकत घेतला तर तो प्रोटेक्टिव्ह पुट आणि प्रीमियम घेऊन कॉल विकला तर तो कव्हर्ड कॉल. एक्स्पायरीला यातून नेमके काय हाती लागते, हे साध्या बेरीज-वजाबाकीने कळते.

समजा, तुम्ही एका कंपनीचे ५०० शेअर १००० रुपये भावाने घेतले आणि तिच्या ऑप्शनचा एक लॉटही ५०० चाच आहे. भाव पडेल या धास्तीने तुम्ही ९६० च्या स्ट्राइकचा पुट २० रुपये प्रीमियम भरून घेतलात. म्हणजे एक शेअर तुम्हाला १०२० ला पडला. हाच ब्रेक-इव्हन; एक्स्पायरीला भाव याच्या वर असेल तरच नफा. भाव ८५० पर्यंत कोसळला, तरी पुटमुळे तुमचा शेअर ९६० ला विकला जातो. तोटा मात्र ४० नव्हे, ६० रुपये होतो, लॉटमागे ३०,०००. प्रीमियम धरायला विसरणारे इथेच चुकतात. भाव १२०० झाला, तर पुट निकामी ठरतो, पण शेअरवरच्या २०० रुपयांतून प्रीमियम वजा जाऊन १८० उरतात. वर नफ्याला मर्यादा नाही.

आता पुट न घेता १०५० च्या स्ट्राइकचा कॉल विकून २५ रुपये घेतलेत असे धरा. शेअर ९७५ ला पडला; ब्रेक-इव्हन खाली आला. भाव १००० वरच राहिला, तर २५ रुपये निव्वळ नफा. पुटवाल्याचे मात्र अशा वेळी २० रुपये जातात. पण १०५० च्या वर भाव कितीही गेला, तरी नफा ७५ रुपयांवरच थांबतो, कारण शेअर १०५० ला देऊन टाकावा लागतो. आणि भाव ८५० झाला, तर तोटा १२५. मिळालेले २५ रुपये हेच काय ते संरक्षण! कव्हर्ड कॉलला ‘घरबसल्या उत्पन्न’ म्हणणारे ही बाजू सांगत नाहीत. शेअर पडतच गेला, तर त्याखाली कसलाच आधार नसतो.

या आकड्यांत दलाली आणि कर धरलेले नाहीत. शिवाय आपल्याकडे कंपन्यांच्या शेअरवरील ऑप्शन एक्स्पायरीला पैशांत नव्हे, प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतात. पुट किंवा कॉल लागू झाला, की डीमॅट खात्यातले शेअर जातात. ते राखायचे असतील, तर एक्स्पायरीआधीच बाजारभावाने ऑप्शनचा सौदा मिटवावा लागतो, आणि मग नफा-तोटा वरच्या हिशेबाप्रमाणेच येईल असे नाही, कारण मुदत शिल्लक असताना ऑप्शनच्या भावात त्या उरलेल्या दिवसांचीही किंमत असते.