कुशीवर वळलं की पान का फिरतं?

रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर वाचणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. कूस बदलली की पान आडवं होतं, आणि वाचता वाचता स्क्रीनचा उजेड आपोआप कमी-जास्त होतो. फोन बिघडला असं वाटून दुकानात न्यावा, तर तिथं तो अगदी शहाण्यासारखा वागतो. दुकानात आपण उभे असतो आणि वर दिवे लख्ख असतात. अंथरुणात या दोन्ही गोष्टी नसतात, आणि गोंधळ नेमका तिथूनच सुरू होतो.

आधी पान फिरण्याचं पाहू. फोनमधल्या अॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेनं ओढतंय एवढंच कळतं. ओढ लांब कडेच्या दिशेनं असेल तर फोन उभा, आखूड कडेच्या दिशेनं असेल तर आडवा. तुमचा चेहरा कुठं आहे, हे त्याच्या गावीही नसतं. तुम्ही उजव्या कुशीवर वळता तेव्हा डोकं आणि फोन दोन्ही एकदमच आडवे होतात. तुमच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं, पण फोनला वाटतं की व्हिडिओ पाहण्यासाठी कुणीतरी आपल्याला आडवं धरलंय. मग तो अक्षरं जमिनीच्या हिशेबानं सरळ करतो आणि ती तुम्हाला आडवी दिसतात.

गंमत म्हणजे झोपून वाचणाऱ्यांचा विचार कुणी केलाच नाही असं नाही. पाठीवर पडून डोक्यावर फोन धरला की स्क्रीन खाली झुकते. अँड्रॉइडच्या मूळ आज्ञावलीत हा झुकाव ओळखून, माणूस अंथरुणात वाचतोय असं धरून पान फिरवणं थांबवण्याची सोय आहे. पाठीवर झोपलेला माणूस असा ओळखू येतो. कुशीवर झोपलेला मात्र नुसत्या गुरुत्वाकर्षणावरून ओळखता येत नाही, कारण बसून फोन आडवा धरणाऱ्याचं मोजमापही तेच येतं. म्हणून अँड्रॉइड १२ पासून पिक्सेलसारख्या काही फोनांत पुढच्या कॅमेऱ्यानं चेहऱ्याची दिशा पाहून पान फिरवायची सोय आली. Auto-rotate च्या सेटिंगमध्येच ती सुरू करता येते. पण कॅमेऱ्याला चेहरा दिसायला थोडा तरी उजेड लागतो, त्यामुळे दिवा मालवून वाचणाऱ्यांनी तिच्यावर फार विसंबू नये.

आता उजेडाकडे वळू. स्क्रीनच्या वरच्या टोकाला, बहुतेक फोनांत पुढच्या कॅमेऱ्याच्या आसपास, प्रकाश मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. तो लक्स या एककात उजेड मोजतो. दुपारच्या उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो, मंद दिव्याच्या खोलीत तो जेमतेम दहा-वीस असतो. दिवसा चारदोनशे लक्सचा फरक फोनच्या खिजगणतीत नसतो. रात्री मात्र दोनाचे वीस झाले की उजेड दहापट वाढल्यासारखं होतं आणि स्क्रीन लगेच त्याला जुळवून घ्यायला जाते. त्यात हा सेन्सर तुमच्याकडे तोंड करून असतो. उशामागे दिवा असेल तर डोक्याची सावली त्याच्यावर पडते. मनगट जरा वळलं की सावली सरकते आणि दिव्याचा उजेड थेट सेन्सरवर येतो.

बदल मात्र तत्काळ होत नाही. क्षणभराच्या सावलीनं स्क्रीन लुकलुकू नये म्हणून फोन थोडा थांबतो. अँड्रॉइडच्या मूळ आज्ञावलीत उजेड वाढवायला सुमारे ४ सेकंद आणि कमी करायला सुमारे ८ सेकंद वाट पाहिली जाते. कंपन्या आपापल्या फोनांत हे आकडे बदलतात. या थांबण्यामुळेच वाचणारा चक्रावतो. सेन्सरवर सावली पडून गेलेली असते, आपण पुढच्या ओळीवर पोचलेलो असतो, आणि मग स्क्रीन मंद होते. कारण आणि परिणाम यांची सांगड आपल्या मनात लागतच नाही.

या दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी संबंध आहे. समजा, तुम्ही कुशीवर वळलात आणि पान आडवं झालं. ते वाचायला तुम्ही फोन आडवा केलात आणि दोन्ही टोकांना धरलात. आता एका हाताचा अंगठा बरोबर सेन्सरवर येतो. काही सेकंदांत स्क्रीन काळवंडते. तुम्ही वैतागून पट्टी वर ओढता. इथं खरं नुकसान होतं, कारण Adaptive brightness सुरू असताना पट्टी ओढणं हा फोनसाठी धडा असतो. अमुक उजेडात या माणसाला अमुक तेज हवं, अशी नोंद तो करून ठेवतो. अंगठ्याखालच्या सेन्सरला खोली काळीकुट्ट भासत असते. म्हणून फोन शिकतो की मिट्ट काळोखात याला भरपूर उजेड लागतो. दुसऱ्या दिवशी मध्यरात्री फोन उघडताच स्क्रीन डोळ्यांवर येते, तिचं मूळ या धड्यात असतं.

म्हणून पट्टी हलवायचीच असेल तर आधी बोटं सेन्सरपासून दूर करा, नेहमी वाचता तसे पडा, दहाएक सेकंद थांबा आणि मग ती हवी तिथं आणा. निरनिराळ्या उजेडात असं काही दिवस केलं की फोन पुन्हा वळणावर येतो. चुकीचे धडे फारच साचले असतील तर पिक्सेल फोनवर Device Health Services च्या स्टोरेजमध्ये Reset adaptive brightness हा पर्याय आहे.

अर्थात स्क्रीन मंद होण्याचं कारण दर वेळी हा सेन्सरच असतो असं नाही. बोट लावताच उजेड परत आला, तर फोन फक्त लॉक व्हायच्या तयारीत होता असं समजा. वाचताना आपण स्क्रीनला बराच वेळ हात लावत नाही, म्हणून असं होतं. लॉक होण्याची वेळ वाढवली की हा त्रास संपतो. फोन चार्जिंगला लावून उशीजवळ ठेवला असेल, हाताला गरम लागत असेल आणि पट्टी जागेवर असूनही स्क्रीन मंद झाली असेल, तर फोन उष्णतेपासून स्वतःला वाचवतोय. एकाच अॅपमध्ये उजेड वेगळा दिसत असेल, तर त्या अॅपच्या सेटिंगमध्ये पाहा. किंडलसारख्या वाचनाच्या अॅपांत उजेडाची स्वतंत्र पट्टी असते. यातलं काहीच नसेल आणि सेन्सरवर अंगठा ठेवून किंवा दुसऱ्या फोनचा टॉर्च मारूनही काही फरक पडत नसेल, तर टेम्पर्ड ग्लासची काळी कड सेन्सरवर आली आहे का ते बघा. ती काढूनही फरक पडला नाही, तरच दुकान गाठा.

रात्रीच्या वाचनासाठी व्यवस्था सोपी आहे. झोपण्यापूर्वी अँड्रॉइडवर Auto-rotate बंद करा. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधलं पानाचं कुलूप लावा. उजेडाची आपोआप सोय फक्त वाचनापुरती बंद करा. आयफोनवर ती Display & Brightness मध्ये सापडत नाही, Accessibility मधल्या Display & Text Size च्या अगदी तळाशी असते. पट्टी शून्यावर आणूनही स्क्रीन डोळ्यांना खुपत असेल तर अँड्रॉइड १२ नंतरच्या बऱ्याच फोनांत Extra dim आणि आयफोनवर Reduce White Point वापरा. Night Light आणि Night Shift हे पर्याय फक्त रंग पिवळसर करतात, सेन्सरच्या चढउताराला त्यांचा काही उपयोग नाही.

सकाळी मात्र उजेडाची आपोआप सोय आठवणीनं पुन्हा सुरू करा. नाहीतर उन्हात स्क्रीन दिसणार नाही, आणि ती दिसावी म्हणून पट्टी टोकाला नेऊन तशीच विसरलात तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.