आलेख काय सांगतो ते मथळ्यातच लिहा

जनगणनेच्या आकड्यांवर बेतलेले आलेख सरकारी बैठकांमध्ये, प्रशिक्षणवर्गांत आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर सतत फिरत असतात. त्यांचा एक ठरलेला नमुना असतो. सहा राज्यांच्या सहा रंगीत रेषा, खाली १९९१, २००१, २०११ ही वर्षे, उजवीकडे रंगांची चौकट आणि वर शीर्षक: ‘राज्यनिहाय बाललिंग गुणोत्तर, १९९१ ते २०११’. यात चूक काहीच नाही. पण हे शीर्षक फक्त विषय सांगते. पाहणाऱ्याने त्यातून काय घ्यायचे, ते त्याचे त्यानेच शोधायचे.

सापडण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे किती मुली आहेत, हे या रेषा दाखवतात. महाराष्ट्राचा आकडा १९९१मध्ये ९४६ होता. २००१मध्ये तो ९१३ झाला आणि २०११मध्ये ८९४. पंजाब ८७५वरून ७९८पर्यंत कोसळला आणि नंतर ८४६पर्यंत वर आला. हरियाणाचा प्रवासही तसाच, ८७९, ८१९ आणि मग ८३४. स्त्रीभ्रूणहत्येसाठी ज्या दोन राज्यांची नावे सर्वांत आधी घेतली जात, तिथली रेषा २००१ नंतर वर वळली आणि महाराष्ट्राची खालीच जात राहिली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८मध्ये, कायदा करणाऱ्या राज्याविषयीची ही गोष्ट आहे. सहा रंगांच्या गुंत्यात ती दिसतच नाही.

सल्लागार कंपन्यांमध्ये यावर उपाय जुना आहे. मॅकिन्झीमधील जीन झेलाझनी यांनी १९८५मध्ये आलेखांवर पुस्तक लिहिले, त्यातला पहिला आग्रहच हा की आधी सांगायचे काय ते ठरवा, आलेखाचा प्रकार मागाहून निवडा आणि तो संदेश शीर्षकात लिहा. म्हणजे शीर्षक हे क्रियापद असलेले पूर्ण वाक्य हवे.

असे वाक्य लिहायला बसले की आकड्यांची खरी परीक्षा सुरू होते. ‘मुलींच्या प्रमाणात महाराष्ट्र पंजाबच्याही मागे’ हा मथळा झणझणीत आहे, पण खोटा आहे. ८९४ हे ८४६पेक्षा जास्तच. ‘फक्त महाराष्ट्रात घसरण’ हेही टिकत नाही, कारण त्याच दशकात राजस्थान ९०९वरून ८८८वर आला. ‘कायदा निष्प्रभ ठरला’ असे म्हणावे, तर तीन वर्षांचे आकडे कारण सांगत नाहीत, फक्त दिशा सांगतात. ‘पंजाब, हरियाणा सावरले’ हे जवळपास बरोबर वाटते. पण दोन्ही राज्ये १९९१च्या पातळीला परतलेली नाहीत. म्हणून उरतो तो मथळा असा: ‘२००१ नंतर पंजाब, हरियाणा सावरू लागले, महाराष्ट्राची घसरण थांबली नाही’. ‘सावरले’ आणि ‘सावरू लागले’ यांतला फरक आकड्यांनीच ठरवला, हे इथे महत्त्वाचे.

मथळा ठरला की आलेखातून काय काढायचे तेही ठरते. त्यात ज्यांचा उल्लेख नाही ती केरळ, गुजरात, राजस्थान ही राज्ये जातात. उरतात तीन रेषा. महाराष्ट्राची जाड आणि गडद, बाकी दोन राखाडी. इथे स्तंभालेख काढायचा मोह टाळावा. स्तंभ शून्यापासून सुरू करावे लागतात आणि मग ९४६ व ८९४ जवळजवळ सारखेच उंच दिसतात. आठशेपासून सुरू केले, तर महाराष्ट्राचा २०११चा स्तंभ पंजाबच्या दुप्पट भरतो आणि २००१चा पंजाब तर गायबच होतो. रेषेचे तसे नाही. तिची उंची नव्हे, तिचा उतार वाचला जातो, म्हणून उभा अक्ष ७८० ते ९६० ठेवला तरी फसवणूक होत नाही. फक्त अक्षावरचे आकडे दिसायला हवेत.

आता मोबाइल. पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद असते. उभ्या धरलेल्या फोनचा पडदा साधारण सात सेंटिमीटर. स्लाइड त्यात बसते तेव्हा सगळे सुमारे पाचपट लहान होते. संगणकावर ऐसपैस वाटलेले १८ पॉइंटांचे अक्षर फोनवर साडेतीन पॉइंटांचे उरते आणि अक्षाखालची १२ पॉइंटांची वर्षे अडीच पॉइंटांच्या आत येतात, म्हणजे मिलिमीटरभरही नाहीत. औषधाच्या पट्टीवरची अक्षरे याहून मोठी असतात. देवनागरीला त्याचा फटका अधिक बसतो. वेलांटी, रफार, उकार यांना वर-खाली जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याच मापात मूळ अक्षराचा भाग लहान राहतो आणि जोडाक्षरे गिचमिड होतात.

अक्षरे मोठी करत जाणे हा एक मार्ग आहे, पण आडव्या स्लाइडवर ती ३५ पॉइंटांची केल्यावर आलेखाला जागाच उरत नाही. त्यापेक्षा स्लाइडच उभी करावी. ‘डिझाइन’मधील स्लाइडच्या आकाराच्या पर्यायात रुंदी १९.०५ आणि उंची २३.८ सेंटिमीटर दिली की फोनवर ती पाचपटीऐवजी पावणेतीनपटच आक्रसते. आलेखातली अक्षरे २० पॉइंट ठेवली तर हातात सात पॉइंट पडतात. मथळा ३२ पॉइंटांचा, दोन-तीन ओळींत.

रंगांची चौकट काढून टाकावी आणि राज्याचे नाव रेषेच्या टोकाशीच लिहावे: ‘महाराष्ट्र ८९४’. यात एक अडचण हमखास येते. आलेख १४ सेंटिमीटर उंच ठेवला, तर फोनवर तो पाच सेंटिमीटरचा होतो. पंजाबचा ८४६ आणि हरियाणाचा ८३४ यांच्यात मग जेमतेम तीन मिलिमीटर राहतात आणि मात्रांसकट नावाच्या ओळीला त्याहून थोडी जास्त जागा लागते. हरियाणाचे नाव हाताने किंचित खाली सरकवावे लागते. गुजरातचा ८९० आणि राजस्थानचा ८८८ ठेवले असते, तर महाराष्ट्रासह तिन्ही नावे एकमेकांवर चढली असती. १९९१च्या टोकाला पंजाब आणि हरियाणा चिकटलेलेच आहेत. तिथे फक्त महाराष्ट्राचा ९४६ लिहावा. २००१च्या तळाशी ७९८ आणि ८१९ मात्र हवेत, कारण मथळ्यातले ‘सावरू लागले’ तिथूनच सुरू होते.

तळाशी एक ओळ उरते: ‘दर १००० मुलांमागे मुली, वय ० ते ६. स्रोत: भारताची जनगणना’. तिच्यासाठी आकडे नीट तपासावेत. २०११च्या हंगामी आकडेवारीत महाराष्ट्राचे गुणोत्तर ८८३ होते; अंतिम आकडा ८९४ आला. जुना आकडा धरला तर घसरण अकराने जास्त दिसते.

पाठवतानाही थोडी काळजी लागते. मूळ फाइल पाठवली आणि समोरच्याच्या फोनमध्ये तो देवनागरी फॉन्ट नसला, तर दुसरा फॉन्ट बसतो आणि ओळी सरकतात. चित्र किंवा पीडीएफ करून पाठवले की मांडणी हलत नाही. आधी ते स्वतःच्या फोनवर उघडावे, हातभर अंतरावर धरावे आणि दोन बोटांनी मोठे न करता २००१चे आकडे वाचता येतात का ते पाहावे.

मूळ आलेख मात्र चित्र म्हणून न चिकटवता बदलता येईल असा जपून ठेवावा. २०२१ची जनगणना लांबली. पुढची २०२७ची जाहीर झाली आहे. तिचे आकडे आले की चौथा बिंदू लागेल आणि तो २०११पासून दहा नव्हे, सोळा वर्षांवर असेल. एक्सेलचा साधा रेषालेख वर्षांना नुसती नावे समजला तर सगळी अंतरे सारखीच धरतो, त्यामुळे शेवटचा चढ किंवा उतार खऱ्याहून तीव्र दिसेल. ते टाळायचे तर आतापासूनच बिंदू रेषेने जोडलेला स्कॅटर प्रकारचा आलेख घ्यावा. त्यात वर्षांमधली अंतरे खरी राहतात.