‘आय लव्ह यू’ला मराठीत काय म्हणायचं?

इंग्रजीत आई, आंबा आणि क्रिकेट या तिन्हींना ‘लव्ह’ हे एकच क्रियापद चालतं. त्यामुळे ‘लव्ह यू’ म्हणून फोन ठेवणं तिथे सहज होतं. मराठीत हे काम वाटलेलं आहे. आंबा आवडतो, नातवंडांवर माया असते, शेजारच्या बाळाचा लळा लागतो. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य बहुतेक प्रेमिकांपुरतंच उरतं, म्हणून आजीच्या तोंडी ते नाटकी वाटतं. आपल्या घरांत हिंदीही बोलतात. तिथेही ‘प्यार करती हूँ’ची तीच गत.

परदेशातली नात ‘लव्ह यू, आजी’ म्हणते, तेव्हा पडावला राहणारी आजी विचारते, ‘जेवलीस का गं?’ नातीला वाटतं, आजीने उत्तरच दिलं नाही. खरं तर तेच उत्तर असतं. आईवडिलांनी ते मुलांना एकदा उलगडून सांगावं.