आहेत १ लाख ७३ हजार, द्या २ लाख ९७ हजार

अल्माटी : या शहरात तुरार रिस्कुलोव यांच्या नावाचा एक लांबलचक हमरस्ता आहे, आणि गाबित मुस्रेपोव यांच्या नावाचे मुलांसाठी व तरुणांसाठी नाटके करणारे नाट्यगृह आहे. बाहेरून आलेल्याला ही नावे काही सांगत नाहीत. पण १९३२ साली या दोघांनी, वेगवेगळ्या ठिकाणी बसून, आपल्याच पक्षाच्या वरिष्ठांना पत्रे लिहिली. सर्वत्र बढाया मारल्या जात असताना त्यांनी लिहिले की कझाक माणसे भुकेने मरत आहेत आणि याचे कारण हवामान नसून आपले धोरण आहे. कझाकस्तानला आज समजून घ्यायचे असेल तर सुरुवात या पत्रांपासूनच करावी लागते. इथल्या तेलापासून किंवा अस्तानातल्या चकचकीत इमारतींपासून ती होत नाही.

सोव्हिएत संघाची पहिली पंचवार्षिक योजना ऑक्टोबर १९२८ मध्ये सुरू झाली. पोलादाचे कारखाने, ट्रॅक्टर, वीज हे सारे काही वर्षांत उभे करायचे होते. यंत्रे बाहेरून आणायची तर परकीय चलन हवे, आणि विकण्याजोगा मोठा माल म्हणजे धान्य. सोव्हिएत संघाने १९३० साली सुमारे ४८ लाख टन आणि १९३१ साली ५० लाख टनांहून अधिक धान्य परदेशी पाठवले. शहरांतले नवे कामगारही सरकारलाच पोसायचे होते. लाखो शेतकऱ्यांच्या दारोदार जाऊन धान्य गोळा करण्यापेक्षा त्यांना कोलखोजमध्ये, म्हणजे सामूहिक शेतात, एकत्र केले की पीक खळ्यावरूनच उचलता येईल, असे गणित होते. युक्रेनमध्ये या गणिताचे काय झाले ते पुष्कळांना ठाऊक आहे. कझाक प्रदेशाची गोष्ट त्या मानाने फार कमी सांगितली गेली. इथे योजनेची मुख्य मागणी गव्हाबरोबर मांसाची होती, कारण हा सोव्हिएत संघातला सर्वांत मोठ्या पशुधनाचा टापू होता.

त्या काळी बहुसंख्य कझाक कुटुंबे जनावरांमागे फिरत. इथल्या गवताळ मैदानात पाऊस तुटपुंजा, हिवाळा कडक, आणि एका जागचे गवत एका कळपाला वर्षभर पुरत नाही. म्हणून उन्हाळ्यात उत्तरेकडे किंवा डोंगरावरच्या कुरणांत, हिवाळ्यात दक्षिणेच्या वाळूत आणि नदीकाठच्या बोरूच्या आडोशाला असा त्यांचा फेरा असे. आपल्याकडचा धनगर पावसाचा अंदाज घेऊन वाडा हलवतो तसेच हे, फक्त अंतरे शेकडो किलोमीटरची. बर्फ पडल्यावर आधी घोडे सोडत. ते खुरांनी बर्फ उकरत, आणि मागून येणाऱ्या मेंढ्यांना खालचे गवत मिळे. धान्य हे लोक फारसे पिकवत नसत; जनावरे विकून रशियन शेतकऱ्यांकडून विकत घेत. बर्फावर काचेसारखा थर गोठला की घोड्यांचे खूरही हरतात आणि कळपच्या कळप मरतात. अशा वर्षाला ‘जुत’ म्हणत. मग मोठे कळप असलेले ‘बाई’ आपल्या नातेवाइकांना आणि गरिबांना दूधदुभत्यासाठी जनावरे वापरायला देत, आणि दोन-तीन वर्षांत घर पुन्हा उभे राही. या व्यवहारात शोषणही होते, ते नाकारायचे कारण नाही. पण संकटानंतर सावरण्याची दुसरी सोय त्या मैदानात नव्हती.

ही सोय पहिल्यांदा मोडली. कझाकस्तानचे पक्षप्रमुख फिलिप गोलोश्चेकिन यांचे म्हणणे होते की ऑक्टोबर क्रांती कझाक गावांपर्यंत पोहोचलीच नाही. इथे एक ‘छोटा ऑक्टोबर’ घडवला पाहिजे. १९२८ मध्ये सुमारे सातशे बड्या बाईंचे कळप जप्त झाले आणि त्यांना कुटुंबांसह दूर पाठवले गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यांत सामूहिकीकरण आले आणि त्याच्या जोडीने भटक्यांना एका जागी वसवण्याची मोहीम. घरे, विहिरी, दवाखाने, स्नानगृहे यांची वचने दिली गेली. बांधले गेले फारच थोडे. काही ठिकाणी तंबूच सरळ रांगांत मांडून रस्ते तयार झाल्याचे दाखवण्यात आले. शेकडो कुटुंबांची जनावरे एका जागी आणली, आणि चारा मात्र तेवढाच राहिला.

आता वसुलीकडे येतो, कारण माझ्या मते सारा अनर्थ तिथे उलगडतो. प्रत्येक जिल्ह्याला किती जनावरे द्यायची याचा आकडा वरून येई. बल्खाश सरोवराजवळच्या बल्खाश जिल्ह्याचा हिशेब अभिलेखागारातून पुढे आला आणि १९८९ साली कझाक इतिहासकारांनी तो छापला. जिल्ह्यात जनावरे होती १ लाख ७३ हजार. त्या जिल्ह्याने सरकारला द्यायची होती २ लाख ९७ हजार.

हा आकडा कागदावर कसा आला असेल, याचा विचार करून पाहावा. वरच्या कार्यालयाला संघासाठी मांस हवे, म्हणून प्रजासत्ताकाचा कोटा ठरतो, तो जिल्ह्यांत वाटला जातो. जिल्ह्याचा अधिकारी ‘एवढी जनावरे नाहीतच’ असे म्हणाला तर त्याच्यावर बाईंना पाठीशी घालण्याचा आरोप येतो. म्हणून तो आकडा स्वीकारतो आणि खाली ढकलतो. खालचा मनुष्य घरात उरलेली शेवटची गाय, शेवटची शेळी ओढून नेतो. ज्यांनी कधी नांगर धरला नाही अशा वस्त्यांवर धान्याचाही कोटा लादला जाई. मग लोक उरलीसुरली जनावरे विकून शेतकऱ्यांकडून धान्य घेत आणि तेच सरकारला भरत. हाती ना कळप उरे, ना दाणा.

शिवाय ओढून नेलेली जनावरे शहरात पोहोचतच असेही नव्हते. गोळा केलेल्या कळपांना गोठे नव्हते, साठवलेले गवत नव्हते, हिवाळी कुरणांची वाट जाणणारे गुराखी हाकलले गेले होते. हजारो जनावरे उपासाने आणि रोगाने तिथेच पडली. कोलखोजमध्ये फुकट देण्यापेक्षा कापून खाल्लेले बरे म्हणून पुष्कळांनी स्वतःही कळप मारले. १९२९ च्या सुमारास कझाकस्तानात अंदाजे ४ कोटी जनावरे होती. १९३३ च्या सुरुवातीला ४५ लाखांच्या आसपास उरली. उंट दहा लाखांवरून लाखाच्याही आत आले, आणि उंट गेले म्हणजे दुष्काळातून बाहेर पडायचे वाहनच गेले.

तरी माणसे निघाली, पायी. काही चीनच्या हद्दीकडे, जिथे सीमारक्षक गोळ्या घालत. काही किर्गिझियाकडे, सैबेरियाकडे, व्होल्गाकाठी. खूप जण रेल्वेच्या स्थानकांवर येऊन पडले, आणि टायफस व देवीच्या साथी त्यांच्याबरोबर पसरल्या. डिसेंबर १९३२ मध्ये शहरांसाठी अंतर्गत पासपोर्टची पद्धत आली आणि भुकेल्यांना शहरांची दारे बंद करायला एक कायदेशीर साधन मिळाले.

इथे रिस्कुलोव यांचे स्थान फार दुखरे आहे. ते मॉस्कोत रशियन प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळाचे उपाध्यक्ष होते आणि तुर्कसिब रेल्वेच्या उभारणीला साहाय्य करणाऱ्या समितीचे प्रमुखही. सैबेरियाचे धान्य मध्य आशियाला पोहोचवावे म्हणजे तिथली जमीन कापसासाठी मोकळी होईल, या हेतूने ही १,४०० किलोमीटरहून लांब रेल्वे बांधली गेली. १९३० च्या एप्रिलमध्ये दोन्ही टोकांचे रूळ ऐना-बुलाक येथे जुळले, ठरलेल्या मुदतीच्या आधी. पहिल्या योजनेचे ते मोठे यश मानले गेले, आणि बांधकाम म्हणून ते होतेही. दोन वर्षांत त्याच लोहमार्गावरच्या स्थानकांत रिस्कुलोव यांचेच लोक मरत होते. सप्टेंबर १९३२ मध्ये त्यांनी स्टॅलिनला लिहिले, मार्च १९३३ मध्ये पुन्हा लिहिले. दुसऱ्या पत्रात कोणत्या प्रांतात किती कझाक निर्वासित पोहोचले याची यादी आहे. एकट्या किर्गिझियात सुमारे एक लाख. मुस्रेपोव आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी त्याआधी, जुलै १९३२ मध्ये, थेट गोलोश्चेकिन यांनाच पत्र लिहिले होते. त्या वातावरणात असे पत्र लिहायला किती धैर्य लागले असेल!

धोरण बदलले, पण उशिरा. १७ सप्टेंबर १९३२ च्या निर्णयाने भटक्या जिल्ह्यांना वसुलीतून दोन वर्षे सूट मिळाली आणि कुटुंबांना पुन्हा स्वतःची जनावरे पाळायची मुभा मिळाली. मात्र तोवर पाळायला जनावरेच नव्हती, आणि त्यानंतरचा हिवाळा सर्वांत भीषण ठरला. १९३३ च्या आरंभी गोलोश्चेकिन यांना हटवले. पुढे १९४१ मध्ये त्यांना गोळी घातली गेली. रिस्कुलोव यांना त्याआधीच, १९३८ मध्ये.

जमेच्या बाजूला काय होते? कारागांडाच्या कोळशाच्या खाणी. गवताळ माळावर १९३१ पासून एक शहर उभे राहिले आणि दोनबास व कुझबासनंतरचे ते संघाचे तिसरे कोळसाक्षेत्र झाले. उरलमधल्या पोलादाच्या भट्ट्यांना हा कोळसा गेला, आणि पुढच्या महायुद्धात तो कामी आला. हे खरे आहे आणि सांगितलेच पाहिजे. पण त्या खाणींत उतरवलेल्यांत घरदार जप्त करून हद्दपार केलेले रशियन आणि युक्रेनियन शेतकरी होते, आणि शेजारी ‘कारलाग’ ही कैद्यांची प्रचंड छावणी होती. इतकी माणसे मेल्याशिवाय कोळसा निघालाच नसता, हा युक्तिवाद मला पटत नाही. कोळशासाठी कळप मारावे लागत नव्हते. आणि ज्या मांसासाठी कळप हिसकावले ते मांसच पुढची कित्येक वर्षे मिळेनासे झाले. योजनेच्या स्वतःच्या मापानेही ही वसुली फसली होती.

आपल्याकडे जानेवारी १९५९ च्या काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला तेव्हा चरणसिंगांसारख्या नेत्यांनी उघड विरोध केला. ठराव कागदावर राहिला आणि विरोध करणारे जिवंत राहिले. कझाक अधिकाऱ्याला ‘एवढी जनावरे नाहीत’ एवढे म्हणण्याचीही मोकळीक नव्हती. मला हा फरक इथे वारंवार आठवतो.

या दुष्काळाला इथे ‘आशारशिलिक’ म्हणतात. सुमारे १५ लाख माणसे गेली, त्यातले १३ लाखांच्या आसपास कझाक. म्हणजे त्या समाजातल्या तिघांपैकी एकाहून अधिक. १९३७ च्या जनगणनेत संघभरातली तूट दिसली तेव्हा ती जनगणनाच रद्द करून तिच्या प्रमुखांना अटक झाली. त्यानंतर पन्नास वर्षे हा विषय सार्वजनिक बोलण्यात नव्हता. आता ३१ मे हा दडपशाहीच्या आणि दुष्काळाच्या बळींचा स्मृतिदिन आहे, अस्तानात आणि इथेही स्मारके आहेत, आणि २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी दडपशाहीच्या बळींना निर्दोष ठरवण्यासाठी राज्य आयोग नेमला. तरी रशियाशी लांबलचक सीमा असलेल्या या देशाचे सरकार या प्रश्नावर युक्रेनसारखी भाषा वापरत नाही.

१९२६ च्या जनगणनेत कझाकस्तानात ३६ लाखांहून अधिक कझाक होते. १९५९ मध्ये, तेहेतीस वर्षांनी, ते २८ लाखही भरले नाहीत आणि स्वतःच्या प्रजासत्ताकात जेमतेम तीस टक्के उरले. निम्म्याहून अधिक होण्यासाठी त्यांना १९९९ च्या जनगणनेपर्यंत वाट पाहावी लागली.