टिंबटिंब आणि दोन उद्गारचिन्हं

कार्यालयातल्या व्हॉट्सॲपवर असा निरोप येतो: ‘मॅडम, अहवाल मिळाला!! खूप छान!! फक्त तिसऱ्या पानावरचे आकडे... जरा बघता का... शक्य झालं तर आज...’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. कोरडं वाटू नये म्हणून उद्गारचिन्हं आली आणि चूक दाखवताना बोचू नये म्हणून टिंबं. तरी वाचणारीला प्रश्न पडतात. आकड्यांचं काय? चूक मोठी आहे का? साहेब नाराज आहेत का? आणि हे काम आजच हवंय की नाही?

कॅरल वॅसलेस्की यांनी 2006 साली ग्रंथपालांच्या ईमेल चर्चांमधल्या उद्गारचिन्हांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही चिन्हं उत्तेजनेपेक्षा आपुलकी दाखवायला अधिक वापरली जातात, असं त्यांना दिसलं. म्हणजे हे चिन्ह निरर्थक नाही. पण प्रत्येक ओळीला ते लागलं की त्याचं वजन उरत नाही. मग एखादे दिवशी नुसतं ‘ठीक आहे.’ आलं, तर समोरच्याला राग दिसू लागतो.

टिंबांची अडचण निराळी आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रेचन मॅक्युलॉक यांनी ‘बिकॉज इंटरनेट’ या 2019 च्या पुस्तकात ती मांडली आहे. अनेक वयस्क मंडळी दोन वाक्यांमध्ये थोडी उसंत म्हणून टिंबं देतात, तर तरुण वाचकांना तिथे काहीतरी न बोललेलं, बहुधा नाराजीचं, जाणवतं. निवृत्तीला आलेल्या साहेबांचं ‘बघू...’ नव्या मुलीची झोप उडवतं, ते यामुळे.

वरचा निरोप असा लिहिता येतो: ‘मॅडम, अहवाल मिळाला. खर्च महिनावार मांडलात, त्यामुळे बैठकीत समजावणं सोपं जाईल. तिसऱ्या पानावर मे महिन्याची बेरीज तेवढी जुळत नाही. आज पाचपर्यंत तपासून देता येईल का? नाही जमलं, तर उद्या दहापर्यंत चालेल, बैठक बाराला आहे.’

एकही उद्गारचिन्ह नाही, तरी निरोप जास्त आपुलकीचा वाटतो. ‘खूप छान’ कुणालाही म्हणता येतं, महिनावार मांडणीचं कौतुक मात्र अहवाल वाचलेल्यालाच करता येतं. चुकीची जागा आणि आकार कळल्याने धास्ती जाते. मुदतीमागचं कारण आणि सवलत दोन्ही दिल्यामुळे ‘तपासून द्या’ या हुकमाची विनंती होते. मराठीत हे काम ‘देता येईल का’ हे क्रियापदाचं रूप सहज करतं. मात्र ‘कृपया’, ‘जरा’, ‘जमल्यास’ आणि ‘प्लीज’ एकाच वाक्यात कोंबले, तर टिंबांचाच संकोच शब्दांत उतरतो. त्यातलं एक पुरे.

पाठवण्याआधी सगळी उद्गारचिन्हं आणि टिंबं पुसून निरोप वाचावा. तुटक वाटला, तर कौतुकाचा तपशील, कारण किंवा मुदत यांपैकी काय राहिलं ते पाहावं. बढतीच्या अभिनंदनाला एक उद्गारचिन्ह खुशाल ठेवावं. थकलेल्या बिलाची आठवण करताना मात्र तेच चिन्ह दरडावल्यासारखं वाटतं. तिथे बिलाचा क्रमांक, रक्कम आणि ‘काही अडचण असल्यास फोन करा’ एवढं लिहिलेलं बरं.