टाके निघायची तारीख

एकाच कंपनीतल्या दोघांनी एकाच सकाळी घरून काम करायची परवानगी मागितली. दोघांच्याही घरी आजारपण. एकाला जेवणाच्या सुट्टीआधी होकार आला, दुसऱ्याचा अर्ज संध्याकाळपर्यंत लटकला. चाकणजवळच्या त्या कारखान्यातल्या मैत्रिणीने हे सांगितलं, तेव्हा मला ते खटकलं. दुःखात डावं-उजवं कसं झालं, हे पाहायला मी तिथल्या एचआरच्या मॅडमसमोर जाऊन बसले.

"एका अर्जाला माझ्याकडे पाच मिनिटं असतात," त्या म्हणाल्या. दोघांच्या संमतीने त्यांनी मला दोन्ही अर्ज दाखवले. पहिला अकाउंट्समधल्या मुलाचा होता:

"मॅडम, शनिवारी आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलंय. मंगळवारी, ९ सप्टेंबरला साताऱ्यात ऑपरेशन आहे. ८ ते १० मी रजेवर असेन. ११ ते २४ सप्टेंबर साताऱ्याहून साडेनऊ ते सहा काम करायची परवानगी हवी आहे. दुपारी एक ते दोन आईच्या व्यायामाची वेळ असल्याने फोनवर मिळणार नाही. जीएसटीची माहिती आणि बँकेचा ताळमेळ मी करीन. डीएससी टोकन आणि चेक ऑफिसातच असल्याने ती कामं शेजारचे सहकारी बघतील. त्यांच्याशी बोललो आहे. २३ तारखेला टाके निघतील, २४ला बहीण येईल. गुरुवारी, २५ सप्टेंबरला मी ऑफिसात हजर होईन."

मॅडमचं बोट तीन ठिकाणी थांबलं. आधी रजेवर. ऑपरेशनच्या दिवशी त्याने घरून काम मागितलंच नव्हतं. "ऑपरेशन थिएटरबाहेर बसून कुणाचं काम होतं? ते दिवस रजेचेच. लोक रजा वाचवायला तेही कामात घालतात, मग ना धड आई, ना धड काम."

मग टोकनवर. कंपनीचं जीएसटी रिटर्न भरताना डिजिटल सही लागते आणि तिचं टोकन, पेनड्राइव्हसारखं दिसणारं, इथे ऑफिसच्या कपाटात असतं. महिन्याचा जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख ११, म्हणजे त्याच्या घरून कामाचा पहिलाच दिवस. आकडे साताऱ्याहून तयार होतील, पण सही चाकणमध्येच होणार. घरून काय होणार नाही, हे त्याने स्वतःहून लिहिलं होतं. ते लिहिलं नसतं, तर ११ला दुपारी धावपळ उडाली असती.

शेवटी बोट २५ तारखेवर आलं आणि तिथेच राहिलं. ही तारीख मनाने ठरवलेली नव्हती. खुब्याच्या ऑपरेशननंतर टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. त्यात बहिणीचा दिवस मिळवून त्याने ती काढली होती. शिवाय तारीख त्यालाही सांभाळते, असं मला तिथे बसून पटलं. 'काही दिवस' असं मोघम लिहिणाऱ्याचं काम हळूहळू दुसऱ्यांच्या गळ्यात पडतं, ते कुरकुरू लागतात, आणि आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला कुणाचा तरी तुटक फोन जातो.

घरून काम हा हक्क नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीत प्रसूतीच्या रजेनंतर घरून काम करायची तरतूद आली. तीसुद्धा कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालकाशी जमलं तर. आई पडली म्हणून खासगी नोकरीत घरून काम मिळतं ते वरिष्ठांच्या होकारानेच. खाली प्रेसवर उभ्या असलेल्या कामगाराला तर तेही मागता येत नाही. त्याच्याकडे फक्त रजा. आईचं हाड मात्र त्याच्याही घरी तसंच मोडतं. ही विषमता कितीही नेटक्या अर्जाने भरून निघत नाही.

दुसऱ्या अर्जात वडिलांच्या झटक्याची सगळी हकिगत होती आणि शेवटी 'परिस्थिती बघून कळवतो'. वडील आयसीयूत, त्यामुळे त्याचा फोन लागत नव्हता. इथे मी मॅडमना विचारलंच, की ज्याला उद्याचं माहीत नाही, त्याने तारीख कुठून आणायची?

त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. संध्याकाळी त्याचा फोन लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, परत कधी येणार ते नका सांगू. डॉक्टर पुढचं कधी सांगणार आहेत?" शुक्रवारी, तो म्हणाला. "मग शुक्रवारपर्यंत रजा लिहा. त्या संध्याकाळी घरून किती दिवस काम करणार ते कळवा, सोमवारपासून ते धरू." त्याने दोन ओळी पाठवल्या आणि रजा तिथल्या तिथे मंजूर झाली. या सगळ्याला त्यांची ती पाच मिनिटंही लागली नाहीत.