गॉगल लावला की आकडे कुठे जातात?

हेड-अप डिस्प्ले आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही दिसतो; मारुती बलेनोत तो २०२२ च्या मॉडेलपासून आला. बलेनोत त्यासाठी डॅशबोर्डवर एक छोटी पारदर्शक पट्टी उभी राहते. महागड्या गाड्यांत आकडे थेट पुढच्या काचेवर पडतात. दोन्हीकडे आपण पाहतो ते प्रतिबिंबच. ते काचेच्या पलीकडे, बॉनेटच्या आसपास तरंगल्यासारखं वाटतं, त्यामुळे वेग बघायला नजर फारशी खाली न्यावी लागत नाही.

हे प्रतिबिंब ठरावीक जागेतूनच पूर्ण दिसतं. म्हणून आधी सीट नेहमीच्या उंचीवर आणावी, नीट टेकून बसावं आणि मगच डिस्प्लेची उंची ठरवावी. आकड्यांची वरची किंवा खालची कड कापली जात असेल, तर तुमचे डोळे त्या जागेच्या बाहेर आहेत. चित्र रस्त्याच्या खालच्या कडेला बसावं, समोरच्या गाडीच्या ब्रेक लाइटवर येऊ नये. घरात दोघं गाडी चालवत असतील आणि उंचीत फरक असेल, तर सीटबरोबर हेही दरवेळी बदलावं लागतं. मजकूर मात्र कमीच ठेवा. माझ्या मते वेग आणि पुढचं वळण पुरे; इंजिनाचे फेरे आणि मायलेज खालच्या मीटरवर असतातच.

आता गॉगल. रस्त्यावरून किंवा बॉनेटवरून तिरपा परतणारा प्रकाश मुख्यतः आडवा कंप पावतो. पोलराइज्ड काच उभ्या गजांच्या खिडकीसारखी असते: उभी काठी आत येते, आडवी अडते. म्हणूनच चकाकी जाते. पण डिस्प्लेचा प्रकाशही तिरप्या काचेवरूनच परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. काचेला काटकोनात धरलेल्या रेषेपासून साधारण ५६ अंशांवर परतणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण आडवा असतो, आणि उतरत्या विंडशील्डवर कोन त्याच्या आसपासच पडतो. चकाकीसोबत आकडेही अडतात ते त्यामुळे. काही कंपन्या काचेत खास थर देऊन उभ्या कंपाचा प्रकाश वापरतात, पण सगळ्या गाड्यांत तो नसतो.

गाडी उभी असताना खात्री करून घ्या. गॉगल घालून मान खांद्याकडे झुकवा. झुकवावं तसे आकडे उजळत गेले, तर डिस्प्ले ठीक आहे, दोष गॉगलच्या काचेचा. सर्व्हिस सेंटरला जायची गरज नाही. नुसता रंगीत, पोलराइज्ड नसलेला गॉगल घेतला की आकडे पुन्हा वाचता येतात.

बरेच जण त्याऐवजी ब्राइटनेस वाढवतात. पण अडलेला प्रकाश त्याने सुटत नाही, थोडाफार जास्त झिरपतो इतकंच. बहुतेक गाड्यांत उजेडाप्रमाणे ब्राइटनेस आपोआप बदलतो आणि तुम्ही वाढवलेला भाग त्यावर चढतो. मग संध्याकाळी गॉगल काढला की तेच आकडे डोळ्यांवर येतात आणि त्यांच्यामागचा अंधारातला सायकलवाला उशिरा दिसतो.